ती पस्तीस मिनिटं पत्रात लिहा

*माझे वडील ६८ वर्षांचे. न्यूमोनिया वाढला म्हणून त्यांना छोट्या रुग्णालयातून मोठ्या रुग्णालयात हलवावं लागलं. घशात नळी, व्हेंटिलेटर, रक्तदाबाचं औषध पंपावर. रस्ता ५५ मिनिटांचा. रुग्णवाहिका आली खरी, पण निघायला ३५ मिनिटं लागली. दोघे पॅरामेडिक सिलिंडर बदलत होते, नळ्या जोडत होते, परत काढत होते. मी चालकावर ओरडलो, ‘माणूस जातोय आणि तुम्ही वायरी काय गुंडाळत बसलाय?’ तो काही बोलला नाही. मी पुढे त्याच्या शेजारीच बसलो होतो. रस्त्यातही त्याने गाडी पळवली नाही, उलट एकदा बाजूला घेऊन थांबवली. पोचल्यावर पैसे देऊ केले, तिघांनीही घेतले नाहीत. आता वडील घरी आहेत, आपल्या पायांनी चालतात. आम्हा घरच्यांना त्या तिघांचे आभार मानायचे आहेत, पण नावं माहीत नाहीत आणि मी ओरडलो ते डोक्यातून जात नाही. फेसबुकवर लिहू का? काय लिहू?*

*– एक मुलगा*

फेसबुक नंतर बघू. आधी साधं पत्र लिहा, कागदावर किंवा ईमेलने, आणि ते रुग्णवाहिका सेवेच्या कार्यालयात तिथल्या प्रमुखांच्या नावे पाठवा. ‘तुम्ही देवासारखे धावून आलात’ असं लिहिलंत तर ते वाचून तिघांना बरं वाटेल, पण तशी वाक्यं कुठल्याही रुग्णवाहिकेला लागू पडतात. तुमच्याकडे त्याहून चांगला मजकूर आहे. तुम्ही ज्या तीन गोष्टींवर चिडलात, म्हणजे निघायला झालेला उशीर, संथ गाडी आणि रस्त्यातला थांबा, त्याच तुमच्या आभाराचा विषय आहेत. त्या नीट समजल्या की पत्र आपोआप लिहून होईल.

उशिरापासून सुरुवात करू. अपघाताच्या जागेवरून रुग्ण उचलणं आणि एका रुग्णालयातून दुसरीकडे नेणं ही दोन वेगळी कामं आहेत. रस्त्यावर रक्तस्राव होत असलेल्या माणसाला लवकर हलवणं हाच निम्मा उपचार असतो. तुमचे वडील मात्र पलंगावर होते, श्वास यंत्रावर होता, औषध चालू होतं. म्हणजे धोका होता, पण तो धरून ठेवलेला होता. हलवताना ती पकड एकेक करून सोडायची आणि दुसऱ्या यंत्रांवर पुन्हा धरायची, यात वेळ जातो. जे करायचं ते निघण्याआधी करायचं, कारण चालत्या गाडीत तेच काम दुप्पट अवघड होतं.

सिलिंडर बदलताना तुम्ही पाहिलंत, त्यामागे एक हिशोब असतो. तुमच्या वडिलांचे नेमके आकडे इथून माहीत नाहीत, म्हणून अशा रुग्णाचे नेहमीचे आकडे घेऊ. यंत्र एका श्वासाला ४५० मिलीलिटर हवा देतंय आणि मिनिटाला १८ श्वास, म्हणजे मिनिटाला साधारण ८ लिटर. न्यूमोनिया बळावलेला असेल तर तो सगळा शुद्ध ऑक्सिजन असू शकतो. काही व्हेंटिलेटर स्वतः चालायलाही थोडा वायू घेतात, तो एक लिटर धरू. मिनिटाला ९ लिटर झाले. रस्ता ५५ मिनिटं, चढवणं-उतरवणं २० मिनिटं, एकूण ७५. नवाने गुणलं की ६७५ लिटर. आणि नियम असा की लागेल त्याच्या दुप्पट बरोबर हवा, म्हणजे १३५० लिटर.

आता सिलिंडरकडे बघा. १० लिटरच्या सिलिंडरवरच्या घड्याळात काटा १५० बारवर असेल तर आत सुमारे १५०० लिटर वायू आहे. आकारमानाला दाबाने गुणायचं, इतकं सरळ. काटा ९० वर असेल तर ९००. प्रवासापुरते ६७५ त्यात आहेत की! पण वरचे २२५ लिटर म्हणजे २५ मिनिटांची शिल्लक. टायर बसला, पुढे ट्रक आडवा झाला, मोठ्या रुग्णालयात लिफ्ट रिकामी मिळाली नाही, की ती २५ मिनिटं कशी जातात कळतही नाही. म्हणून अर्ध्याहून जास्त भरलेला दिसणारा सिलिंडरही काढून ठेवतात आणि पूर्ण भरलेला लावतात. लावल्यावर झडप उघडून सांध्यातून फुसफुस येत नाही ना, काटा हळूहळू खाली सरकत नाही ना, हेही बघतात. तुम्ही दारात उभं राहून पाहिलंत तेव्हा हे सगळं ‘सिलिंडर बदलत बसले’ एवढंच दिसलं.

नळ्या जोडून परत काढणं म्हणजे बहुधा चाचणी. रुग्णालयातलं मोठं व्हेंटिलेटर आणि गाडीतलं छोटं, दोन्हींवर तेच आकडे लावले तरी रुग्ण दोन्हींवर सारखाच राहील याची खात्री नसते. त्यामुळे गाडीतलं यंत्र पलंगाजवळ आणायचं, रुग्ण त्यावर घ्यायचा आणि पाच-दहा मिनिटं नुसतं बघायचं: छाती दोन्ही बाजूंनी सारखी उचलली जाते का, रक्तातला ऑक्सिजन टिकतो का, सोडलेल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची रेष पडद्यावर नीट उमटते का. जमत नसेल तर पुन्हा मोठ्या यंत्रावर, आकडे बदलायचे आणि परत लावून बघायचं. हे पलंगाजवळ बिघडलं तर डॉक्टर, नर्स, भिंतीतला ऑक्सिजन सगळं हाताशी असतं. वीस मिनिटांनी रस्त्यावर बिघडलं तर मागे फक्त दोन माणसं असतात.

सर्वात नाजूक काम औषधाच्या पंपाचं, आणि ते बाहेरून अजिबात दिसत नाही. रक्तदाब टिकवायला बहुतेक वेळा नॉरअॅड्रेनालिन देतात. ते शरीरात जेमतेम दोन-तीन मिनिटं टिकतं, त्यामुळे धार तुटली की दाब लगेच घसरायला लागतो. ही धारही किती बारीक, तर तासाला ५ मिलीलिटर, म्हणजे मिनिटाला दीड-दोन थेंब. इतक्या संथ वेगावर नवा पंप सुरू केला की पिचकारीचा दांडा आणि पंपाची पकड यांतली ढील निघेपर्यंत काही मिनिटं नळीच्या टोकाशी काहीच येत नाही. पडद्यावर ‘चालू’ दिसतं आणि रुग्णाला औषध मिळत नसतं. म्हणून नवी पिचकारी भरून दुसऱ्या पंपावर आधीच चालू करतात, टोकाशी थेंब येताना डोळ्यांनी बघतात आणि मगच ती जोडतात. जुनी लगेच बंद करत नाहीत; दोन्ही थोडा वेळ जोडीने चालतात, दाब वर जायला लागला की जुनी हळूहळू कमी करतात. पंप पलंगापेक्षा उंच उचलला तर एकदम जास्त औषध जातं, खाली गेला तर थांबतं, त्यामुळे तो स्ट्रेचरवर रुग्णाच्या पातळीलाच बांधायचा. वायरी ‘गुंडाळत’ होते ते यासाठी.

एक नळी तर जिवापेक्षा जपायची असते, घशातली. तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा असतात आणि दाताशी कोणता आकडा येतो, २१ की २२ की २३, हे निघताना कागदावर लिहून ठेवतात. मान पुढे झुकली तर नळीचं टोक आत सरकतं, मागे गेली तर वर येतं. दोन्हीकडे मिळून हा फरक तीन-चार सेंटिमीटरचा होऊ शकतो. पलंगावरून स्ट्रेचरवर घेताना एक जण फक्त डोकं आणि नळी धरून उभा असतो आणि ‘एक, दोन, तीन’ त्यानेच म्हणायचं असतं. नळी निघण्याचा सर्वात मोठा धोका त्याच क्षणी. घाई केली की इतरांचे हात आधी उचलतात, डोकं मागे राहतं, आणि मग व्हायचं ते होतं.

तर ३५ मिनिटं अशी गेली. अशा रुग्णाच्या तयारीला तेवढा वेळ लागणं मुळीच वावगं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी तुमच्याजवळ येऊन कुणीतरी दोन वाक्यांत हे सांगायला हवं होतं. पण दोघांचे चारही हात गुंतलेले होते आणि चालक बहुधा त्यांना सामान देत होता. तुम्ही ओरडलात यात नवल नाही.

आता संथ गाडी. रुग्ण बहुतेक गाड्यांत डोकं पुढे, पाय मागच्या दाराकडे असा झोपवतात. गाडीने एकदम वेग घेतला की रक्त पायांकडे लोटलं जातं आणि हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं. तुमच्याआमच्या शरीराला ते जाणवत नाही, शिरा आवळून शरीर ते सावरून घेतं. औषधावर दाब टिकवून धरलेल्या माणसाकडे ती सावरण्याची ताकदच उरलेली नसते. जोरात ब्रेक मारला तर उलट, सगळा भार डोक्याकडे. शिवाय मागे काम करणारा माणूस पट्टा सोडून वाकलेला असेल तर धक्का बसताच तो रुग्णावर किंवा भिंतीवर आदळतो. म्हणून असा चालक वेग वाढवतो तो हळूहळू, ब्रेक लांबून लावतो, आणि खड्डा किंवा वळण आलं की मागे ओरडून सांगतो. ‘गतिरोधक!’, ‘डावीकडे वळतोय!’ असं काही तुम्ही ऐकलं असेल तर आठवून बघा. भोंगा वाजवून आणि गाडी पिटाळून अशा अंतरावर वाचतात ती काही मिनिटंच. तीही ज्या रुग्णाला लागतात त्याच्यासाठी ती जोखीम जरूर घ्यावी. तुमच्या वडिलांना सपाट, एकसारखा प्रवास जास्त गरजेचा होता.

आणि आता रस्त्यातला थांबा. त्या दोन मिनिटांत आत नेमकं काय झालं ते त्या दोघांनाच ठाऊक. पण व्हेंटिलेटरने नळीतल्या हवेचा दाब वाढल्याचा इशारा दिला की क्रम ठरलेला असतो: नळी सरकली का, नळी अडली का, फुप्फुसाबाहेर हवा साठली का, यंत्रातच बिघाड आहे का. न्यूमोनियात सर्वात नेहमीचं कारण म्हणजे नळीत अडकलेला चिकट कफ. तो बारीक नळीने ओढून काढायचा असतो, आणि ते हिंदकळणाऱ्या गाडीत करण्यापेक्षा बाजूला थांबून करणं केव्हाही शहाणपणाचं. मागून हाक आली, चालकाने ‘का?’ न विचारता सुरक्षित जागा बघून गाडी घेतली, ही त्याची कामगिरी. तुम्ही शेजारी बसून धुसफुसत असताना त्याने ती केली, हेही आहेच.

हे सगळं समजलं म्हणून पत्रात वैद्यकीय माहिती भरू नका. औषधांची नावं, आकडे, ‘त्यांनी कफ काढला म्हणून वडील वाचले’ असे निष्कर्ष नकोत. तुम्ही पाहिलं ते लिहा. साधारण असं:

*‘माननीय प्रमुख, रुग्णवाहिका सेवा यांस,*

*गेल्या महिन्याच्या १२ तारखेला रात्री साधारण पावणेदहाला आपली रुग्णवाहिका (गाडीचा क्रमांक खाली दिला आहे) माझ्या वडिलांना एका रुग्णालयातून दुसरीकडे न्यायला आली. चालक एक आणि पॅरामेडिक दोन असे तिघे होते. नावं विचारायची राहिली.*

*निघण्यापूर्वी त्यांनी ३५ मिनिटं तयारी केली. सिलिंडर बदलला, व्हेंटिलेटर लावून पाहिलं, पंप एकेक करून हलवले. ती तयारी कशासाठी होती हे मला तेव्हा कळलं नाही आणि मी चालकांना घालूनपाडून बोललो. त्यांनी उलट उत्तर दिलं नाही. माझं चुकलं, त्याबद्दल त्यांची क्षमा मागतो.*

*प्रवासात मी पुढे बसलो होतो. ५५ मिनिटांत एकदाही जोराचा ब्रेक लागला नाही. प्रत्येक वळणाआधी ते मागे आवाज देत होते. मागून हाक आल्यावर त्यांनी गाडी लगेच सुरक्षित जागी थांबवली. पोचल्यावर दोघी-दोघे पॅरामेडिक वडिलांना अतिदक्षता विभागातल्या पलंगावर ठेवून, तिथल्या डॉक्टरांना सगळं सांगूनच बाहेर आले.*

*वडील सहा दिवसांनी व्हेंटिलेटरवरून निघाले आणि आता घरी आहेत. काल अंगणापर्यंत चालले. हे त्या तिघांपर्यंत पोचावं म्हणून लिहीत आहे. या पत्राची प्रत तिघांना द्यावी आणि त्यांच्या सेवा-नोंदीत ठेवावी, ही विनंती.’*

यातली तारीख-वेळ, वळणांची ओळ, दिवसांचा आकडा आणि ‘अंगण’ तुमच्याप्रमाणे बदला. तुम्हाला आठवत नसेल ते वाक्य सरळ गाळा. ‘दोघी-दोघे’ हे तर बदलायलाच हवं; तिथे बाई होत्या की पुरुष, ते तुम्हालाच माहीत.

क्षमेबद्दल एवढंच की ती दोन-तीन वाक्यांत संपवा. आपण किती घाबरलो होतो, किती रात्री झोप नव्हती, हे लिहीत गेलात की पत्र त्यांच्यावरून तुमच्यावर येतं. नातेवाईक ओरडले याची नोंद त्या फेरीच्या कागदात झालेली असू शकते. तुमची ओळ त्याच फाइलमध्ये तिच्या शेजारी जाऊन बसेल, इतकं पुरे आहे.

शेवटची विनंती मात्र विसरू नका. तक्रार आली की ती नोंदली जाते, तिचं उत्तर मागितलं जातं. तोंडी आभार दारातच विरून जातात. लेखी पत्र, तेही तारीख-वेळेसकट, हे त्या माणसाच्या नावावर जमा होतं आणि पुढे बढती, बदली किंवा कुणाच्या खोट्या आरोपाच्या वेळी कामाला येतं.

काही गोष्टी प्रेमाने लिहिल्या तरी त्यांना अडचणीत आणतात. ‘सिग्नल तोडून नेलं’, ‘वाऱ्यासारखी गाडी हाकली’ असं लिहू नका. एक तर तुमच्या बाबतीत ते खरं नाही, आणि दुसरं म्हणजे तसं पत्र वाचणारा अधिकारी पहिला प्रश्न चालकाला विचारेल. ‘नियमात नसताना आईलाही मागे बसू दिलं’, ‘स्वतःचा फोन नंबर देऊन दुसऱ्या दिवशी चौकशी केली’ ही वाक्यंही तशीच. चांगुलपणा नियमाच्या कडेकडेने केलेला असेल तर त्याचे आभार मनात माना. आणि पत्रात तक्रार मिसळू नका. आधीच्या रुग्णालयाने उशिरा कळवलं असं वाटत असेल तर ते त्या रुग्णालयाला, वेगळ्या पत्रात. नाहीतर आभाराचं पत्र चौकशीच्या टेबलावर जातं आणि त्या तिघांना जबाब द्यायला बोलावतात.

नावं शोधायची गरज नाही, अंदाजाने लिहायची तर मुळीच नाही. तारीख, वेळ, कुठून कुठे आणि गाडीचा क्रमांक किंवा फेरीचा क्रमांक, एवढ्यावरून कार्यालय कामाच्या पाळीच्या यादीत तिघांना शोधून काढतं. हे तपशील तुमच्या घरातच असतील. पहिल्या रुग्णालयाने दिलेल्या हलवण्याच्या कागदावर निघाल्याची वेळ असते. दुसऱ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाच्या नोंदीत कोणत्या गाडीतून आले हे बऱ्याचदा लिहिलेलं असतं. डिस्चार्जच्या कागदांच्या गठ्ठ्यात सुपूर्द करतानाचा फॉर्मही कधीकधी येतो, त्यावर पॅरामेडिकची सही असते. सही वाचता येत नसेल तर ओढूनताणून नाव लावू नका.

इथे एक घोळ होतो, तो टाळा. आजाराच्या धांदलीत बऱ्याच घरांत दोन गाड्या येऊन गेलेल्या असतात: एक घरून छोट्या रुग्णालयात नेणारी, दुसरी तिथून पुढे नेणारी. महिन्याभराने दोन्ही डोक्यात एक होतात आणि आभार भलत्यांनाच पोचतात. तुमच्याकडेही पहिली गाडी आली असेल तर पत्र कोणत्या फेरीबद्दल आहे ते पहिल्याच वाक्यात स्पष्ट असू द्या. पहिल्यांनाही लिहायचं असेल तर निराळं लिहा.

पत्ता सेवेच्या संकेतस्थळावर किंवा बिलावर, पावतीवर असतो. खासगी सेवा असेल तर मालक किंवा व्यवस्थापक, रुग्णालयाची स्वतःची गाडी असेल तर वैद्यकीय अधीक्षक. आपत्कालीन क्रमांकावर फोन करून ‘आभार मानायचे होते’ असं म्हणू नका. लोक तसं करतात, सद्भावनेने करतात, पण त्या मिनिटात तिकडे दुसऱ्या कुणाचा तरी फोन थांबलेला असतो. रुग्णालयाच्या दारात गाड्या उभ्या दिसल्या म्हणून तिथे जाऊन शोधू नका; उभी गाडी मोकळी असतेच असं नाही. मागच्या रुग्णानंतर आतलं सगळं पुसायचं, सिलिंडर भरायचे, पंपांना विजेला लावायचं, वापरलेलं सामान मोजून पुन्हा ठेवायचं, हे तेव्हाच चाललेलं असतं.

जागा उरली तर पत्रात आणखी एका माणसाचा उल्लेख करा, ज्याला कुणीच पाहत नाही. कोणती गाडी पाठवायची, व्हेंटिलेटर असलेलीच हवी, पलीकडे पलंग रिकामा ठेवलाय का, हे सगळं नियंत्रण कक्षात बसलेल्या कुणीतरी फोनवर जुळवलेलं असतं. ‘ही गाडी पाठवणाऱ्या नियंत्रण कक्षातल्या सहकाऱ्यांनाही कळवावं’ एवढी एक ओळ. आणि छोट्या रुग्णालयातल्या ज्या नर्सने रात्रभर तो पंप सांभाळला, तिच्यासाठी दुसरं पत्र. कागद स्वस्त आहे.

पैशांचं म्हणाल तर त्यांनी घेतले नाहीत हे बरोबरच केलं, आणि तुम्ही दिलेत यात अपमान झाला असंही समजू नका. बहुतेक सेवांत रुग्णाच्या घरच्यांकडून पैसे घेणं नोकरीवर बेतू शकतं. शिवाय एका घराने दिले की पुढच्या घरी, जिथे द्यायला काही नसतं, तिथे संकोच उभा राहतो. वस्तू द्यायचीच असेल तर आधी कार्यालयाला विचारा काय चालतं, आणि दिलीत तर तिघांपुरती न देता त्या केंद्रावरच्या सगळ्यांसाठी द्या. देणगी स्वीकारणारी सेवा असेल तर पावती घेऊन तिथे द्या.

आता फेसबुक. पत्र गेल्यावर लिहायला हरकत नाही, पण त्या रात्री काढलेले फोटो टाकू नका. फोटोत कोपऱ्यातला दुसरा रुग्ण येतो, पडद्यावर वडिलांचं नाव आणि आकडे दिसतात, पॅरामेडिकचा घामेजलेला चेहरा येतो आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. गाडीचा क्रमांकही नको. सेवेचं नाव लिहिलंत तरी त्या तिघांपर्यंत मजकूर पोचतो. वडिलांच्या आजाराबद्दल किती लिहायचं हे मात्र त्यांना विचारूनच ठरवा. ते आता शुद्धीवर आहेत.

आणि पत्रातलं सर्वात मोलाचं वाक्य कोणतं असं विचाराल, तर ‘वडील घरी आहेत’ हे. रुग्ण सोपवला की त्यांचं काम संपतं आणि दार बंद होतं. पुढे काय झालं हे रुग्णालय त्यांना सहसा सांगत नाही, त्यांना विचारताही येत नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला नेणारा माणूस वर्षानुवर्षं असा अर्धवट गोष्टींवर जगतो. किती दिवसांनी नळी निघाली, केव्हा घरी आले, आज काय करू शकतात, असं दोन-तीन ओळींत सांगा. गोष्ट वाईट तऱ्हेने संपली असती तरीही हे कळवण्यासारखं असतं, अशी पत्रंही जपून ठेवली जातात.

वडिलांना त्या प्रवासातलं काही आठवणार नाही, झोपेची औषधं चालू असतात. तरी पत्राखाली त्यांची सही घ्या. हात अजून थरथरत असेल, अक्षर वाकडं येईल, तर तसंच राहू द्या. टाइप केलेल्या पत्राखाली ती सही दिसली की त्या दोघा पॅरामेडिकना बाकी मजकूर न वाचताही कळेल, की नळी दाताशी २२ वर धरून नेलेला माणूस आता पेन धरतोय.